शेतातल्या सोलारवर इंडक्शन: दुपारी झकास, संध्याकाळी वीस मिनिटांत बंद

आखाड्यावरून

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात शेतात राहतो. गावठाणाची लाईन इथपर्यंत आलेली नाही, त्यामुळे घर पूर्ण सोलारवर आहे. ३३५ वॅटच्या चार प्लेटा, १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणि २४ व्होल्टचा २ केव्हीएचा प्युअर साईनवेव्ह इन्व्हर्टर. घरात माणसं सहा. दोन पंखे, दिवे, टीव्ही, मोबाईल एवढं आजवर विनातक्रार चालत आलंय.

गॅसची टाकी आणायची म्हणजे अर्धा दिवस मोडतो, म्हणून इंडक्शन घेतलं, २००० वॅटचं. सकाळी अकरानंतर १६०० वर ठेवलं तरी झकास चालतं. कुकर होतो, दूध तापतं. संध्याकाळी साडेसातला त्याच १६०० वर काही ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत इन्व्हर्टर लो बॅटरी दाखवतो आणि बंद पडतो. दिवसभर ऊन असतं, मावळतीला बॅटरी फुल दिसते, तरी असं.

प्लेटा बसवून देणारा म्हणतो अजून दोन प्लेटा टाका, प्रश्न मिटेल. टाकाव्यात का? पैसे घालायच्या आधी विचारतोय.

विशाल_केज

दादा, इंडक्शनचा स्टार्टिंग करंट मोटारीसारखा तिप्पट असतो, त्यामुळे इन्व्हर्टर ट्रिप होतो. मोठा इन्व्हर्टर घ्या, ५ केव्हीएचा. तोवर इंडक्शन ६०० वर ठेवा. बॅटरीवर ६०० वॅटचाच लोड येईल, आरामात तासभर चालेल.

सिडकोकर

आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट बसवलंय, ७८ हजार सबसिडी मिळाली. सकाळ-संध्याकाळ इंडक्शनच चालतं, बिल जवळपास शून्य. तुम्हाला एवढा त्रास का होतोय कळत नाही. तुमच्या प्लेटाच कमी आहेत, ३ किलोवॅट करून टाका.

तात्या_परभणी

सिडकोकर साहेब, तुमची आणि यांची गोष्ट वेगळी आहे. तुमचं संध्याकाळचं इंडक्शन प्लेटांवर चालत नाही, महावितरणच्या विजेवर चालतं. दुपारी तुम्ही जी वीज लाईनला दिली ती नेट मीटरच्या हिशोबात वजा होते, म्हणून बिल शून्य. लाईट गेली की तुमचा इन्व्हर्टरही बंद होतो, अगदी बारा वाजताच्या कडक उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धोका होऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. औसेकर दादांकडे लाईनच नाही. त्यांना संध्याकाळी जे काही मिळेल ते बॅटरीतून.

विशाल, इंडक्शनमध्ये मोटार फक्त छोट्या पंख्याची असते. सुरू होताना कैकपट करंट बोअरच्या मोटारीला लागतो, इंडक्शनला नाही. ६०० चं नंतर सांगतो, त्यात एक गोम आहे.

आता मूळ प्रश्न. दादा, दोन प्लेटा वाढवून संध्याकाळी काहीही फरक पडणार नाही. साडेसातला चार प्लेटाही शून्य देतात आणि सहाही शून्यच देतात. दुपारी तुमचं चालतं याचं कारण असं की त्या वेळी १३४० वॅटच्या प्लेटा उन्हाने तापून, थोडी धूळ धरूनसुद्धा हजारएक वॅट देतात. इंडक्शनला १६०० वॅट द्यायचे तर इन्व्हर्टरचा तोटा धरून आतून साधारण १८०० वॅट ओढावे लागतात. हजार प्लेटांनी दिले, उरलेले आठशे बॅटरीने. म्हणजे बॅटरीवर तीस-पस्तीस अँपिअर. संध्याकाळी सगळेच्या सगळे १८०० बॅटरीवर येतात, म्हणजे जवळपास ऐंशी अँपिअर.

सोलारच्या १५० एएच ट्युब्युलरवरचा तो आकडा दहा तासांत सावकाश, १५ अँपिअरने, काढली तर मिळणारा आहे. तुम्ही त्याच्या पाचपट वेगाने ओढता. एवढ्या वेगाने शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीही हाती लागत नाही. व्होल्टेज खाली बसतं, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली, तो तोडतो. थोड्या वेळाने तीच बॅटरी परत २४ च्या वर दाखवते आणि पंखा रात्रभर चालतो. तुमच्याकडे असंच होतं ना?

एक काम करा. मल्टिमीटर घ्या. संध्याकाळी इंडक्शन १६०० वर चालू असताना चार ठिकाणी मोजा: पहिल्या बॅटरीवर, दुसऱ्या बॅटरीवर, दोन्ही मिळून, आणि इन्व्हर्टरच्या मागच्या टर्मिनलवर. वायरीच्या टोकाचा लग हाताने चाचपून बघा, गरम लागतो का. अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि पाना दोन टर्मिनलवर आडवा पडू देऊ नका.

बळीराजा_जिंतूर

माझ्याकडे ५ एचपीचा सौर कृषी पंप आहे. पावसाळ्यात त्या प्लेटा नुसत्या उभ्या असतात. त्याच्या कंट्रोलरमधून वायर काढून इंडक्शन लावलं तर चालेल का? एवढ्या प्लेटा असताना नवीन कशाला घ्यायच्या?

तात्या_परभणी

भाऊ, हे अजिबात करू नका. पंपाचा कंट्रोलर मोटारीसाठी थ्री फेज देतो आणि ऊन कमी-जास्त होईल तशी त्याची फ्रिक्वेन्सी बदलत राहते, म्हणून सकाळी पंप हळू फिरतो. त्यावर इंडक्शन लावलं तर जळेल. प्लेटांकडून येणाऱ्या वायरीत तर काही शे व्होल्ट डीसी असतं. तिथे ठिणगी पडली की घरच्या विजेसारखी लगेच विझत नाही, ओढत जाते. पिठाची चक्की, कडबा कुट्टी चालवता येईल असे युनिव्हर्सल कंट्रोलर निघालेत, पण तुमचा तसा आहे का ते त्याच्या नेमप्लेटवर बघावं लागेल. योजनेतला पंप असेल तर वॉरंटी संपायच्या आत त्याला हात लावू नका.

मुक्ता_गंगाखेड

सगळे वॅट आणि अँपिअर बोलताय, स्वयंपाक कधी होतो ते कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे साडेसहाला चूल पेटते. आठला माणसं रानात जायची, भाकरी बांधून द्यावी लागते. अकराच्या उन्हाची वाट कोण बघणार? वहिनींना विचारून सांगा दादा, तुमच्याकडे सकाळी काय काय होतं आणि किती वाजता.

दुसरं म्हणजे भाकरी. मी इंडक्शनवर करून पाहिलीय. आपला रोजचा तवा बुडाला खोलगट, तो काचेवर टेकतच नाही नीट. सपाट बिडाचा तवा आणला. तो मधे लालबुंद व्हायला येतो आणि कडेला गारच, कारण खालचं वेटोळं तव्यापेक्षा लहान. भाकरीचा मधला भाग करपतो, काठ कच्चा राहतो. सुरुवातीला दहा मिनिटं मंद ठेवून तवा सगळीकडे सारखा तापू दिला तर जमतं थोडं. पण दुसरी बाजू जाळावर धरून जी फुगते, पापुद्रा सुटतो, ते तिथे होत नाही. फडक्याने दाबून दाबून शेकावी लागते. सासऱ्यांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, आज चूल पेटली नाही का.

आखाड्यावरून

ताई, बरोबर विचारलंत. आमच्याकडे सहा वाजता चहा, मग दूध, सातच्या सुमाराला डझनभर भाकरी आणि एक भाजी. दुपारी वरण-भात. संध्याकाळी परत भाकरी, भाजी, चहा.

तात्या काका, मोजलं. इंडक्शन बंद असताना दोन्ही मिळून २५.४. इंडक्शन १६०० वर सुरू करून पाच मिनिटांनी पहिली बॅटरी ११.९, दुसरी ११.२, दोन्ही मिळून २३.१. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मात्र २२.२. दुसऱ्या बॅटरीच्या मायनसच्या लगला बोट लावून ठेवता येत नव्हतं इतका गरम. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी आली होती. आणि हो, तुम्ही म्हणता तसं बंद पडल्यावर पाऊण तासाने परत २४ च्या वर दाखवतं.

तात्या_परभणी

शाब्बास, आता नीट बोलता येईल.

बॅटरीवर २३.१ आणि इन्व्हर्टरवर २२.२. मधला ०.९ व्होल्ट वायरीत आणि त्या गरम लगमध्ये जातोय. ऐंशी अँपिअरला ०.९ व्होल्ट म्हणजे सत्तरएक वॅट नुसती उष्णता, एका पंख्याची वीज. इन्व्हर्टर त्याच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघून निर्णय घेतो. तो २१ ला तोडतो तेव्हा बॅटरीवर २१.९ असतं, म्हणजे त्याने वेळेआधीच तोडलं. इन्व्हर्टर बंद करा, प्लेटांचा एमसीबी खाली पाडा, लग काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडा करा, घासून घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या तोंडात जाऊ देऊ नका. वायरीची जाडीही बघा. २४ व्होल्टला एवढा लोड असेल तर २५ चौरस मिलिमीटरच्या खालची वायर नको, आणि लांबी शक्य तेवढी कमी.

दुसरी बॅटरी लोडवर पहिलीपेक्षा ०.७ ने खाली जाते. ती कमजोर झालीय, किंवा नीट भरत नाहीये. आधी पाणी बघा, बॅटरीच्या आतल्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर टाका. मग तीन-चार दिवस इंडक्शन न लावता पूर्ण भरू द्या आणि हायड्रोमीटरने बॅटरीच्या सगळ्या घरांतल्या, म्हणजे सेलमधल्या, आम्लाची ग्रॅव्हिटी घ्या. भरलेल्या ट्युब्युलरला १.२४० च्या आसपास यायला हवी. एखादं घर १.१८० लाच अडकलं तर ती बॅटरी गेली असं धरा. एकच नवीन आणून जुनीच्या जोडीला लावू नका, नवी जुनीच्या पायी खराब होते.

हे केल्यावर वीस मिनिटांची तीस होतील. त्याच्या पुढे मी सांगणार नाही, कारण मूळ अडचण तिथेच राहते.

आता किती वीज लागते ते. गॅसची टाकी तुम्हाला किती जाते?

आखाड्यावरून

दीड महिना, कधी पन्नास दिवस. पाणी चुलीवर तापतं.

तात्या_परभणी

१४.२ किलोच्या टाकीत जेवढा स्वयंपाक होतो तेवढाच इंडक्शनवर करायला साधारण १३० युनिट लागतात. गॅसच्या शेगडीची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने उडून जाते, इंडक्शनची फार कमी जाते, हे धरून. पन्नास दिवसांनी भागलं तर रोज अडीच युनिट. दुसऱ्या बाजूने बघा: चहा-दुधाला ०.४५, दोन वेळच्या भाकरींना ०.९, दोन भाज्यांना ०.६, वरण-भाताला ०.४. तिथेही अडीचच्या जवळ येतं, म्हणजे आकडा खरा धरायला हरकत नाही.

तुमच्या प्लेटा एप्रिलमध्ये दिवसाला पाचेक युनिट देतात. त्यातलं दीडएक पंखे-दिव्यांना. नुसती बेरीज केली तर सगळा स्वयंपाक बसतो, आणि इथेच सगळे फसतात. ती वीज दहा ते तीनमध्ये येते आणि तुमच्या अडीच युनिटातले दोन युनिट लागतात सकाळी सात आणि संध्याकाळी साडेसातला.

मुक्ताताई म्हणतात ती सकाळ तर संध्याकाळपेक्षा वाईट. सातला प्लेटा दीड-दोनशे वॅट देतात आणि बॅटरी रात्रभर पंखे फिरवून उतरलेली असते. त्या वेळी १६०० वॅट ओढायचे म्हणजे थकल्या बैलाला चढावर जुंपायचं. बॅटरीतून रोज काढण्यासारखं किती आहे तेही बघा. दोन मिळून कागदावर ३.६ युनिट, त्यातलं निम्मंच रोज काढावं, नाहीतर दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते. इन्व्हर्टरचा तोटा गेला की हातात दीड युनिट. पंखेच त्यातलं बरंचसं खातात.

विशाल_केज

तात्या, ते ६०० चं राहिलं. कमी वॅटवर ठेवलं तर करंट कमीच होणार ना?

तात्या_परभणी

बरीच इंडक्शन ठरावीक वॅटच्या खाली सलग चालतच नाहीत. ६०० वर ठेवलं की ती १२०० वर काही सेकंद चालतात, काही सेकंद बंद राहतात. सरासरी ६०० येते, पण बॅटरीवर झटका १२०० चाच बसतो. ओळखायला सोपं आहे. पातेल्यात पाणी ठेवा आणि बघा: उकळी येते, थांबते, परत येते. इन्व्हर्टरच्या पडद्यावर लोडचा आकडा वर जातो, परत खाली. पण तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. सलग १००० वॅटवर चालणारं इंडक्शन असेल तर बॅटरीवर ऐंशीऐवजी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अँपिअर येतात. भाजीला १००० पुरतात, पाच-सात मिनिटं जास्त लागतात इतकंच. दहा-पंधरा मिनिटांसाठी ही बॅटरी तेवढं सोसते. तासभराच्या भाकरींसाठी रोज नको.

सिडकोकर

परवा आमच्याकडे खरंच दुपारी लाईट गेली आणि सगळं बंद. इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. आता बॅटरी जोडता येईल का मला?

तात्या_परभणी

येईल, पण तुमचा इन्व्हर्टर हायब्रीड आहे का ते आधी बघा. नसेल तर तो बदलावा लागेल आणि नेट मीटर असल्याने महावितरणला कळवूनच. शहरात लाईट जाऊन जाऊन किती वेळ जाते? तेवढ्यासाठी एक गॅसची टाकी घरात असली तर मी तरी बॅटरीत पैसे घालणार नाही.

मुक्ता_गंगाखेड

मग दादांनी करायचं काय? मला वाटतं भाकरी गॅसवर किंवा चुलीवरच राहू द्या. वरण, भात, दूध, उसळ, शेंगदाणे भाजणं, हे सगळं अकरा ते दोनमध्ये इंडक्शनवर. तूर दुपारीच शिजवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर संध्याकाळी फक्त फोडणी. ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघून घ्या.

आखाड्यावरून

ताई, तसंच करून बघतोय. सध्या बारा वाजता कुकर लावतो, त्यावर लगेच दूध, मग उसळ, सगळं एकामागोमाग. एका वेळी एकच. मधे ढग आला तरी बंद पडत नाही, बॅटरी सांभाळून घेते. लग साफ केला, आता हाताला कोमट लागतो. इन्व्हर्टरवर २२.२ च्या जागी २२.८ दिसतंय. ग्रॅव्हिटी घ्यायची राहिलीय, हायड्रोमीटर मिळाला नाही अजून.

संध्याकाळी फक्त भाजी १००० वर. बंद पडली नाही. पण पहाटे चारला पंखे बंद पडले.

तात्या_परभणी

ते पडणारच, भाजीने त्यांच्या वाटचं घेतलं. प्लेटांसाठी ठेवलेल्या पैशातून आधी दोन्ही पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी तिशीच्या आत. दोन पंखे रात्री दहा तास फिरले तर जवळपास ०.९ युनिट वाचतं. भाजी करून निम्म्याहून जास्त उरेल. दोन प्लेटा रात्री तुम्हाला यातलं काहीच देणार नाहीत.

आणि पावसाळ्याचं आताच मनात धरून ठेवा. झड लागली की याच प्लेटा दिवसाला दीड युनिटावर येतात. त्या दिवसांत इंडक्शन कपाटात. तेव्हा प्लेटा वाढवल्याचा थोडा उपयोग होतो, तो मी नाकारत नाही, पण चार-पाच दिवसांच्या झडीत सहा प्लेटाही पुरत नाहीत.

विशाल_केज

लिथियम टाकली तर हे सगळंच सुटेल की. २५.६ व्होल्ट २०० एएच, पाच युनिटची बॅटरी. ऐंशी अँपिअर तिला काहीच नाही.

तात्या_परभणी

विशाल, हे तुझं पटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून चार युनिट बिनधास्त काढता येतात आणि व्होल्टेज बसत नाही. पण तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, किती अँपिअरचा आहे ते बघून घ्यावं लागतं, शंभरच्या खाली नको. दुसरं, दादांच्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग आहे का? ट्युब्युलरच्या सेटिंगवर तो चार्जिंग २९ च्या वर नेतो, आठ सेलच्या लिथियमला २९.२ ही शेवटची हद्द. बीएमएस मधेच तोडतो आणि घर अंधारात. शिवाय चार युनिट रोज काढायचे तर ते रोज भरावेही लागतात, तेव्हा मात्र चार प्लेटा कमी पडतील. म्हणजे बॅटरी, प्लेटा आणि कदाचित इन्व्हर्टर, तिन्ही. भाकरी तरीही मुक्ताताई म्हणतात तशीच होणार.

बळीराजा_जिंतूर

इन्फ्रारेड शेगडी आणली तर? त्यावर कुठलाही तवा चालतो म्हणे, लालबुंद होते. भाकरी शेकता येईल.

मुक्ता_गंगाखेड

नणंदेकडे आहे. भाकरी इंडक्शनपेक्षा बरी होते, खरंय. काचेवर थेट टाकून शेकता येत नाही, वर जाळी ठेवून ती करते. पण तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही कितीतरी वेळ गरमच राहते. तिच्याकडे लाईन आहे, सोलार नाही.

तात्या_परभणी

वीज इंडक्शनपेक्षा जास्त खाते, आणि २००० ची असली तर तीही पूर्ण वॅटवर चालू-बंद होत राहते. दुपारच्या उन्हात ठीक. सकाळी सातला या बॅटरीवर नको.

आखाड्यावरून

पंखे बदलायचं ठरवलं. प्लेटा आत्ता नाही. लिथियमचं सोयाबीनचे पैसे आल्यावर बघू, तोवर इन्व्हर्टरच्या पुस्तकात सेटिंग शोधतो. पडद्यावर `SBU` आणि `SUB` असे दोन पर्याय दिसतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का काका?

तात्या_परभणी

ते लाईन असणाऱ्यांसाठी. प्लेटा, बॅटरी आणि लाईन यांचा क्रम ठरवतात. तुमच्याकडे लाईन नाही, हात लावू नका. बॅटरीचा प्रकार कुठे निवडायचा ते पान शोधा आणि त्याचा फोटो इथे टाका. आणि हायड्रोमीटर लातूरला बॅटरीवाल्याकडे मिळेल, दुसऱ्या बॅटरीची सहाही घरं मोजल्याशिवाय पुढचं काही घेऊ नका.